शिकागोची सकाळी नऊची मिटिंग: पुण्यात साडेआठ की साडेसात?

मृण्मयी_पुणे | १२ मार्च २०२५, सकाळी ८:१०

काल आमच्याकडे एक घोळ झाला. तो नेमका कुठे झाला हे मला समजून घ्यायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा क्लायंट शिकागोचा. दर मंगळवारी त्यांच्या सकाळी ९ वाजता आढावा मिटिंग असते. पुण्यात आम्ही चौदा जण आहोत, शिवाय एक डिझायनर लंडनहून येते. नोव्हेंबरपासून ही मिटिंग आमच्या रात्री ८:३० ला व्हायची. आठवड्याचं वेळापत्रक मी एका शीटमध्ये बनवते. एका रकान्यात क्लायंटने कळवलेली वेळ, शेजारी त्यात ११ तास ३० मिनिटं मिळवून आलेली आपली वेळ. रात्रीच्या कॅबची यादीही त्यावरूनच निघते.

काल आम्ही सगळे ८:३० ला लिंकवर गेलो, तर मिटिंग संपली होती. ती ७:३० लाच सुरू झाली होती. लंडनची डिझायनर तिच्या नेहमीच्या दुपारी ३ वाजता आली, म्हणजे तीही तासभर उशिरा.

क्लायंटच्या मेलमध्ये वेळ अशी होती: `Tue 11 Mar, 9:00 AM CST`. मी सीएसटी म्हणजे काय ते शोधलं, तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, उणे ६ असं मिळालं. तसा हिशेब केला की ८:३० च येतात. मग चूक माझ्या शीटची की त्यांच्या मेलची? आणि पुढच्या मंगळवारी, १८ तारखेला, लंडनला कोणती वेळ कळवायची?

---

टेकाडे_नाशिक | १२ मार्च, सकाळी ९:०२

मी २००० ते २००५ न्यू जर्सीला होतो आणि तिथून नाशिकच्या टीमसोबत रोज कॉल असायचा. हिशेब सोपा आहे. न्यूयॉर्क-जर्सीशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. शिकागो त्यांच्याही एक तास मागे, म्हणून तिथे साडेअकरा आणि साडेदहा.

तोंडी करायचं तर सकाळची रात्र करा आणि शिकागोसाठी हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात दीड तास मागे या. सकाळचे ९ ते रात्रीचे ९, अर्धा तास मागे आलात की ८:३०. हे मी पाच वर्षं केलंय, कधी चुकलं नाही.

पण तुमच्या क्लायंटनेच घाई केलेली दिसते. अमेरिकेत घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे करतात. अजून मार्च चालू आहे. तुमची ८:३० बरोबर होती.

---

अवधूत_श | १२ मार्च, सकाळी ९:४०

टेकाडेकाका, तुमचे फरकाचे आकडे अगदी बरोबर आहेत आणि तोंडी रीतही चालते. तुम्ही तिथे होतात तेव्हा एप्रिलचा पहिला रविवार हाच नियम होता. २००७ पासून तो बदलला. आता अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. यंदा दुसरा रविवार ९ मार्चला होता. मृण्मयीताईंची मिटिंग ११ तारखेला, बदलानंतर दोनच दिवसांनी.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की चूक दोन्हीकडे आहे, फक्त वेगवेगळी.

मेलमधली चूक अक्षरांची. सीएसटी हे शिकागोच्या हिवाळी वेळेचं नाव, उणे ६. ९ मार्चपासून तिथे सीडीटी चालू आहे, उणे ५. तिकडचे लोक सवयीने बारा महिने सीएसटीच लिहितात. त्यांच्या मनात "आमच्या भिंतीवरच्या घड्याळात ९" एवढंच असतं. त्यामुळे ती तीन अक्षरं बघून कधी हिशेब करू नका. गाव बघा, तारीख बघा, आणि त्या गावात त्या तारखेला यूटीसीपासून किती अंतर, म्हणजे ऑफसेट, आहे ते बघा. शिवाय सीएसटी चीनच्या वेळेलाही म्हणतात, आणि आपलं आयएसटी आयर्लंड आणि इस्रायलवालेही आपापल्या वेळेला वापरतात.

शीटमधली चूक म्हणजे ते ११:३०. हा आकडा तुम्ही दोन गावांमधला कायमचा फरक म्हणून लिहून ठेवलात. प्रत्यक्षात तो दोन आकड्यांची बेरीज आहे, आपले ५:३० आणि त्यांचे त्या दिवसाचे ६. आपले ५:३० हलत नाहीत, त्यांचे हलतात. बेरीज करून ठेवली की त्यातला कोणता आकडा हलला हे दिसेनासं होतं.

म्हणून मी नेहमी मधे यूटीसीवर थांबतो. कालचं उदाहरण घेऊ. शिकागोत सकाळचे ९, ऑफसेट उणे ५. स्थानिक वेळेतून ऑफसेट वजा केला की यूटीसी मिळतं. इथे ऑफसेटच उणे आहे, त्यामुळे उणे ५ वजा करणं म्हणजे ५ मिळवणं. ९ आणि ५, १४:०० यूटीसी. आता त्यात आपला ऑफसेट मिळवा: १४:०० अधिक ५:३०, १९:३०. म्हणजे संध्याकाळचे साडेसात. लंडन अजून शून्यावर आहे, म्हणून तिथे दुपारचे २.

चिन्हाची गल्लत झाली का हे ओळखायची सोपी खूण आहे. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, त्यामुळे त्याच क्षणी आपलं घड्याळ अमेरिकेच्या पुढेच असलं पाहिजे. हिशेबात पुण्याची वेळ शिकागोच्या मागे आली, तर चिन्ह उलटं पडलंय.

१८ तारखेला शिकागो ९, लंडन दुपारी २, पुणे ७:३०.

---

थेम्सकाठ | १२ मार्च, दुपारी २:२५

मी लंडनजवळ राहते आणि तुमच्या डिझायनरची अवस्था मला दरवर्षी भोगावी लागते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे युरोपचा नियम आहे, मार्चचा शेवटचा रविवार. यंदा तो ३० मार्चला, नेमका गुढीपाडव्याच्या दिवशी. म्हणजे ९ ते ३० मार्च हे तीन आठवडे अमेरिका पुढे गेलेली आणि आम्ही जागच्या जागी. तीन आठवडे तिची मिटिंग दुपारी २ ला, आणि १ एप्रिलच्या मंगळवारी पुन्हा ३ ला. तिने आत्ता "मिटिंग कायमची २ वाजता झाली" असं डोक्यात बसवलं तर एप्रिलमध्ये ती तासभर आधी येऊन बसेल.

आणखी एक. इथे लोक उन्हाळ्यातही बोलताना जीएमटी म्हणतात. मेमध्ये कोणी `3 PM GMT` लिहिलं तर त्यांच्या घड्याळातले ३ असतात की खरंच शून्य ऑफसेटचे ३, हे मी उलट विचारूनच घेते. दोन्ही अर्थांची माणसं मला भेटली आहेत.

---

सुलभाताई_सांगली | १२ मार्च, संध्याकाळी ५:५०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. मी निवृत्त शिक्षिका आहे. दर शनिवारी सकाळी ७ वाजता परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. चार मुलं कॅलिफोर्नियात सॅन होजेला, तीन मेलबर्नला. कॅलिफोर्नियातल्या एका आईने काल निरोप पाठवला की आता वर्ग ५:३० ऐवजी ६:३० ला का केला, मुलाचं पोहणं चुकतंय. मी तर वेळ बदललीच नाही! सकाळचे ७ ते ७च आहेत. सगळ्यांना जमेल अशी चांगली वेळ कोणती, कोणी सुचवेल का?

---

मृण्मयी_पुणे | १२ मार्च, रात्री ९:१५

अवधूतदादा, मनापासून आभार. बेरीज करून ठेवल्याने काय हलतंय ते दिसेनासं होतं, हे नेमकं लागलं. मी दोन वर्षांपूर्वी ११:३० घातले आणि नंतर दर मार्चला कोणीतरी "या आठवड्यापासून ७:३० हं" असं तोंडी सांगायचं. यंदा सांगणारा सहकारी नोकरी सोडून गेला.

सुलभाताई, तुमचं आणि माझं उलटसुलट आहे असं वाटतंय. माझ्याकडे क्लायंटचे ९ पक्के आणि आमची वेळ हलते. तुमचे ७ पक्के आणि मुलांची वेळ हलते.

---

अवधूत_श | १२ मार्च, रात्री १०:३०

मृण्मयीताई, हेच. मिटिंग कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे, हे आधी ठरवावं लागतं. त्या गावाची वेळ वर्षभर तीच राहते, बाकीच्यांची सरकते.

सुलभाताई, तुमचा वर्ग सांगलीच्या घड्याळाला बांधलेला आहे. शनिवारी सकाळी ७ म्हणजे यूटीसीत पहाटेचे १:३०. सॅन होजे ९ मार्चच्या आधी उणे ८ वर होतं. १:३० मधून ८ तास मागे गेलं की शुक्रवारी संध्याकाळचे ५:३०. आता ते उणे ७ वर आहे, म्हणून ६:३०. त्या आईचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमचंही.

मेलबर्नचं प्रकरण अजून व्हायचं आहे. तिकडे आत्ता उन्हाळा संपत आलाय, ऑफसेट अधिक ११. त्यामुळे मुलं शनिवारी दुपारी १२:३० ला बसतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी, यंदा ६ तारखेला, त्यांची घड्याळं मागे येतील आणि ऑफसेट अधिक १० होईल. १२ एप्रिलच्या वर्गाला त्यांच्याकडे ११:३० वाजलेले असतील. कॅलिफोर्नियाची मुलं तासभर उशिराकडे सरकली, मेलबर्नची तासभर लवकरकडे सरकतील. वर्षभर एकच वेळ सगळ्यांना सोयीची राहील असं होणार नाही. एप्रिलपासून तुमचे ७ तसेच ठेवायचे, की पोहणाऱ्या मुलासाठी ६ करायचे, हे तुम्हीच ठरवायला हवं. ६ केले तर मेलबर्नला १०:३० होतील, ते त्यांना चालतंय का तेवढं विचारा.

मेलबर्नच्या पालकांना मात्र आजच कळवा.

---

सुलभाताई_सांगली | १३ मार्च, सकाळी ६:४०

अवधूत, फार छान समजावलंस रे. मेलबर्नच्या पालकांना निरोप टाकला. त्यातल्या एका वडिलांना स्वतःच्या गावची घड्याळं कधी बदलणार ते माहीत होतं, पण त्याचा आपल्या वर्गाशी संबंध त्यांनी लावला नव्हता. सहाचं बघते. शनिवारी पहाटे पाचला उठायला माझी तयारी आहे, पण एक मुलगी मेलबर्नला सकाळी नृत्याला जाते.

---

हिशेबनीस | १३ मार्च, सकाळी १०:१०

मृण्मयी, तुमच्या शीटची दुरुस्ती सांगतो. मी एका निर्यातदाराकडे वेळापत्रकंच सांभाळतो.

बी रकान्यात तारीख आणि वेळ एकत्र लिहा, नुसती वेळ नको. सी रकान्यात त्या गावाचा त्या दिवसाचा ऑफसेट तासांत, शिकागोला आत्ता -5. डी मध्ये हे सूत्र:

```
=B2 - C2/24 + 5.5/24
```

डी ला तारीख-वेळ दोन्ही दिसतील असं स्वरूप द्या, `dd-mm-yyyy hh:mm`. शीटमध्ये एक दिवस म्हणजे १, म्हणून तासांना २४ ने भागायचं. ११ मार्च सकाळी ९ आणि -5 घातलं की १९:३० येईल.

एक चूक मी स्वतः पाहिली आहे. आमच्याकडे एका मुलाने 5.5 च्या जागी 5.30 लिहिलं, कारण आपण साडेपाचला ५.३० लिहितोच. पण दशांशात ५.३० तास म्हणजे ५ तास १८ मिनिटं. सगळ्या वेळा १२ मिनिटं मागे आल्या, ७:३० च्या जागी ७:१८. कोणत्याही वेळेच्या शेवटी १८ किंवा ४८ दिसले की आधी हा आकडा तपासा. नेपाळच्या माणसाशी काम असेल तर त्यांचे ५:४५ म्हणजे 5.75 लिहायचे.

तारीख का लिहायची, तर नुसत्या वेळेने मध्यरात्र ओलांडलेली कळत नाही. उत्तर फक्त ०५:३० असं येतं, आणि ते आजचे की उद्याचे हे शीट सांगत नाही.

---

आबा_दादर | १३ मार्च, दुपारी १२:२०

आपल्याला अर्धा तास का, असं कोणी विचारलं नाही म्हणून मीच सांगतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे, आणि ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच.

आमच्या मुंबईत मात्र ही वेळ लगेच आली नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालू होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. माझे वडील सांगायचे की रेल्वेची वेळ कोणती आणि शहराची कोणती, हे विचारूनच घराबाहेर पडायचं. जागा तीच, पण कोणत्या सालची गोष्ट आहे त्यावर आकडा ठरतो. अवधूत गाव आणि तारीख दोन्ही बघायला सांगतो ते म्हणूनच पटलं.

---

टेकाडे_नाशिक | १३ मार्च, रात्री ८:०५

अवधूत, २००७ चा बदल माझ्या लक्षात नव्हता, सांगितलंस ते बरं झालं. मृण्मयी, तुमच्या क्लायंटला दोष दिला तो मागे घेतो.

पण एक विचारतो. एवढी आकडेमोड करायचीच कशाला? क्लायंटला कॅलेंडरचं आमंत्रण पाठवायला सांगा. फोन आपोआप आपली वेळ दाखवतो. शीट बंद करून टाका.

---

अवधूत_श | १३ मार्च, रात्री ९:२०

काका, आमंत्रण असावंच, पण ते कोणी बनवलं यावर सगळं आहे. मी काही वर्षं कॅलेंडर जुळवणाऱ्या प्रणालीवर काम केलंय. शिकागोच्या माणसाने दर मंगळवारचं आमंत्रण बनवलं की आत साधारण असं लिहिलं जातं:

```
DTSTART;TZID=America/Chicago:20250304T090000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

यात उणे ६ किंवा उणे ५ कुठेच नाही. आहे ते गावाचं नाव आणि भिंतीवरच्या घड्याळातले ९. प्रत्येक मंगळवारचा ऑफसेट यंत्र त्या त्या तारखेला काढतं. दर आठवड्याच्या मिटिंगसाठी हेच योग्य, कारण एकच ऑफसेट वर्षभर खरा राहणार नाही.

आता हेच आमंत्रण मृण्मयीताईंनी फेब्रुवारीत पुण्यातून रात्री ८:३० चं बनवलं असतं, तर गावाच्या जागी `Asia/Kolkata` आलं असतं. मग ११ मार्चला पुण्यात ८:३० च राहिले असते आणि शिकागोच्या लोकांच्या फोनवर मिटिंग १० वाजता सरकली असती. यंत्र बरोबर, पण मिटिंग भलत्याच्या घड्याळाला बांधलेली.

एकदाच व्हायच्या मिटिंगची गोष्ट वेगळी. तिथे ऑफसेट थेट लिहिला की वाद राहत नाही. मी मेलमध्ये तारीख, वेळ, ऑफसेट एका ओळीत लिहितो:

```
2025-03-11T09:00-05:00
```

हे वाचायला यंत्री वाटतं, पण ते एका आणि एकाच क्षणाकडे बोट दाखवतं. `CST` लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं.

शीट मात्र ताईंना लागणारच, कॅबची यादी फोनच्या कॅलेंडरमधून निघत नाही.

---

थेम्सकाठ | १३ मार्च, रात्री ११:१०

अवधूत, एवढं एक मला पटत नाही. अशी ओळ आमच्या क्लायंटला पाठवली तर तो पहिल्यांदा विचारेल की हे काय आहे. मी "शिकागो ९, लंडन २, पुणे ७:३०" असं तिन्ही गावांचं लिहिते. त्यातली एक वेळ चुकली तर ज्याची चुकली तो लगेच ओरडतो.

---

अवधूत_श | १४ मार्च, सकाळी ७:३०

ते वाचायला नक्कीच सोपं आहे. माझी भीती एवढीच की तीन वेळा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर खरी कोणती हे कसं ठरवायचं? कोणीच ओरडलं नाही तर तिघे तीन वेळी येतील. निदान पहिली वेळ बांधलेल्या गावाची लिहा आणि तसं सांगून ठेवा.

---

मडगांवची | १४ मार्च, दुपारी ३:४५

माझे मिस्टर जहाजावर मोटरमन आहेत. ते "जहाजाच्या वेळेने रात्री ८ ला फोन करतो" म्हणतात, आणि जहाजाची वेळ दर थोड्या दिवसांनी बदलते. कॅप्टनने सांगितलं की रात्री घड्याळं तासभर मागे करतात. त्यांना गावाचं नावच नसतं, मग ऑफसेट कुठे शोधायचा? मी कधी कधी दोन तास फोन हातात घेऊन बसते.

---

अवधूत_श | १४ मार्च, संध्याकाळी ६:२०

ताई, तुमच्या बाबतीत गाव आणि तारखेची रीत चालत नाही. जहाजाची वेळ जहाजावर ठरते, तिची यादी कुठे मिळत नाही. पण ब्रिजवर यूटीसीचं घड्याळ असतं. मिस्टरांना एवढंच विचारायला सांगा की जहाजाचं घड्याळ त्याच्या किती पुढे किंवा मागे आहे.

तेही जमलं नाही तर असं करा. त्यांनी मेसेज लिहितानाच त्यात जहाजाची वेळ लिहावी, "आत्ता इथे रात्रीचे ८". समजा तो मेसेज तुमच्याकडे ९:३० ला आला. आपले ९:३० म्हणजे यूटीसीचे १६:००. तिथे २०:००. म्हणजे जहाज अधिक ४ वर आहे, आणि त्यांचे ८ म्हणजे तुमचे ९:३०. पुढचा बदल होईपर्यंत हे चालेल. नेटवर्क नसेल आणि मेसेज रखडून आला तर मात्र हिशेब चुकेल. फरक पूर्ण किंवा अर्ध्या तासात न येता ९ तास १७ मिनिटं असा वेडावाकडा आला तर मेसेज रखडला असं समजा.

---

मडगांवची | १५ मार्च, रात्री १०:०५

आज करून पाहिलं. मेसेज ९:३१ ला आला आणि त्यात ८ लिहिलं होतं. एक मिनिट सोडून दिलं. उद्या ९:३० ला फोन घेऊन बसेन. पण ते म्हणाले की तीन दिवसांनी घड्याळ पुन्हा बदलणार, आणि बदलल्याच्या रात्री नेटवर्क असेलच असं नाही. त्या रात्रीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

---

मृण्मयी_पुणे | २ एप्रिल, सकाळी ९:००

काय झालं ते कळवायला आले.

१८ आणि २५ मार्चला आम्ही ७:३० ला, डिझायनर २ ला, सगळे वेळेवर. काल १ एप्रिलला शिकागो ९, पुणे ७:३०, डिझायनर पुन्हा ३ ला. थेम्सकाठ यांनी सांगितलं तसंच. तिला मी पाडव्याच्या आदल्या दिवशीच कळवलं होतं.

शीट हिशेबनीसांच्या सूत्रावर नेली आहे. ऑफसेटचा रकाना मी हातानेच भरते आणि प्रत्येक बदलाच्या तारखेची एक ओळ आधीच लिहून ठेवली आहे. शरद ऋतूतल्या ओळी एकदा तपासून द्याल का? युरोप २६ ऑक्टोबरला मागे येणार, अमेरिका २ नोव्हेंबरला. म्हणून २८ ऑक्टोबरच्या मंगळवारी मी असं लिहिलंय: शिकागो ९, यूटीसी १४:००, लंडन २, पुणे ७:३०. आणि ४ नोव्हेंबरला यूटीसी १५:००, लंडन ३, पुणे ८:३०.

दुसरं, तारखेचा रकाना पहिल्याच आठवड्यात कामाला आला. क्लायंटने या शुक्रवारी, ४ एप्रिलला, त्यांच्या संध्याकाळी ७ ला रिलीज कॉल ठेवलाय. १९:०० मधून उणे ५ वजा केले तर २४:०० यूटीसी, म्हणजे शनिवार उजाडला. त्यात ५:३० मिळवले की ५ एप्रिल, शनिवारी पहाटे ५:३०. आमच्या प्रशासन विभागाने मेलमधला शुक्रवार बघून शुक्रवारच्या पहाटेची कॅब लावली होती. शीटमध्ये शनिवार दिसला म्हणून ती बदलता आली.

क्लायंटला सीएसटी लिहू नका असं सांगितलं. ते आता `CT` लिहितात. हे बरं आहे ना?

---

अवधूत_श | २ एप्रिल, सकाळी १०:१५

दोन्ही ओळी बरोबर आहेत. `CT` ही बरं, त्यात निदान चुकीचा ऋतू नाही. फक्त आकडा अजूनही तारखेवरूनच काढायचा.

२८ ऑक्टोबरच्या ओळीला वेगळा रंग द्या. वसंतात दोन-तीन आठवडे मिळतात, पहिला मंगळवार चुकला तरी दुसरा सुधारता येतो. शरदात मधला आठवडा एकच असतो, आणि यंदा तो दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच येतोय. भाऊबीज २३ ला, युरोप २६ ला.

---

टेकाडे_नाशिक | २ एप्रिल, दुपारी १:३०

शनिवारी पहाटे ५:३० ला चौदा माणसं बोलावण्यापेक्षा क्लायंटला तो कॉल त्यांच्या सकाळी घ्यायला सांगा. त्यांचे सकाळचे ८ म्हणजे आपले ६:३०, संध्याकाळचे. आमच्या वेळी आम्ही हे मागून घ्यायचो.

---

मृण्मयी_पुणे | २ एप्रिल, दुपारी ४:५०

काका, विचारलं होतं. रिलीज त्यांचं दुकान बंद झाल्यावरच करायचं असतं, म्हणून संध्याकाळच लागते. चौदाऐवजी चौघांवर भागेल का, हे आज ठरतंय. कॅब मात्र शनिवारी पहाटे ४:३० ची लावली आहे.